जुन्या कपावरची, अंगठीवरची नक्षीदार अक्षरं फोटोत लागत नसतील तर काय काय तपासायचं

माझं सोलापुरात ट्रॉफी-शील्डचं आणि भांड्यांवर नावं घालून द्यायचं छोटं दुकान आहे, वडिलांपासूनचं. वडील हातानं कोरायचे, मी मशीनवर करते. गेली काही वर्षं एकच काम सारखं येतंय. कुणाच्या आजोबांचा चांदीचा कप, कुणाच्या सासूबाईंचं पदक, परदेशातल्या मुलानं जुन्या बाजारातून घेतलेली अंगठी, आणि त्याचा मोबाईलवरचा फोटो. "ताई यावर काय लिहिलंय, मराठीत काय होतं ते सांगा, पुस्तिकेत छापायचंय." आणि दर वेळी गाडी एकाच ठिकाणी अडते. अर्थ लावायचं काम नंतरचं, अक्षरंच चुकीची वाचलेली असतात आणि त्या चुकीच्या अक्षरांचा अर्थ शोधण्यात लोकांचे आठवडेच्या आठवडे गेलेले असतात.

लक्षणं आधी बघा, यातलं काही तुमच्याकडे होतंय का

शब्द डिक्शनरीत सापडतच नाही, किंवा सापडतो पण वाक्याला काही अर्थ लागत नाही. फोटोत नुसत्या उभ्या दांड्या दिसतात, एकाला एक लागून, कुठलं अक्षर कुठं संपतं तेच कळत नाही. एकाच फोटोवरून घरातली तीन माणसं तीन वेगळे शब्द वाचतात. अक्षराच्या मधोमध पांढरा चमकारा आलाय. किंवा अक्षरं ओळखीची वाटतात पण उलटी-पालटी वाटतात. यातलं एक जरी असेल तरी भाषांतराच्या मागं लागू नका, खालच्या क्रमानं जा. सुरुवातीच्या गोष्टी फुकटच्या आहेत.

१. मूळ फोटो मागवा

वॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो लहान होऊन येतो. मोठ्या अक्षराला त्यानं फार फरक पडत नाही, पण नक्षीदार अक्षरात दोन जाड दांड्यांना जोडणारी जी केसासारखी बारीक रेघ असते ती त्या दाबादाबीत पहिल्यांदा जाते, आणि पुढं बघालच की सगळा खेळ त्या रेघेचाच आहे. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे आहे तसा येतो. फॉरवर्ड होत होत आलेल्या फोटोवर तर वेळ घालवूच नका, ज्याच्याकडे वस्तू आहे त्याला गाठा.

२. फोटो उलटा तर नाही ना

हे तपासायला दहा सेकंद लागतात. समोरच्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो काही फोनमध्ये आरशासारखा उलटा सेव्ह होतो. एडिटमध्ये जाऊन आडवा फ्लिप करा आणि परत वाचून बघा. दुसरं, अंगठी जर शिक्क्याची असेल, म्हणजे लाखेवर उठवायची, तर तिच्यावरची अक्षरं मुद्दाम उलटीच कोरलेली असतात म्हणजे ठसा सुलटा यावा. तिथं फोटोत दोष नाही, फ्लिप केलं की वाचता येतं.

आणि अंगठीच्या आतल्या बाजूला वर-खाली काय हे कळायला काहीच नसतं, इंग्रजी एन उलटा धरला की यू दिसतो आणि ६ चा ९ होतो. तर अंगठी दोन्ही बाजूंनी वाचा. जिथं मजकूर सुरू होतो तिथं बहुतेक वेळा एक टिंब, चांदणी किंवा फुल्ली असते, ती शोधा.

इथंच अजून एक, ९१६, ७५० किंवा ९२५ हे संदेश नाहीत, तारीखही नाहीत. ९१६ म्हणजे २२ कॅरेट सोनं, ७५० म्हणजे १८ कॅरेट, ९२५ ही चांदीची शुद्धता. त्याच्या जवळ त्रिकोणासारखा छाप आणि अक्षर-आकडे मिसळलेला सहा खुणांचा नंबर असेल तर तो हॉलमार्कचा नंबर आहे. एक बाई तो नंबर म्हणजे नवऱ्यानं घातलेलं काहीतरी गुपित म्हणून माझ्याकडे आल्या होत्या, त्यांना सांगताना मलाच वाईट वाटलं. जुन्या कपाच्या तळाशी इ-पी-एन-एस अशी चार अक्षरं असतात त्याचाही मजकुराशी संबंध नाही, ती म्हणजे आतला धातू वेगळा आणि वरून चांदीचा मुलामा. ही चार अक्षरं दिसली तर मात्र लक्षात ठेवा, पुढं घासायचा विषय येणार आहे.

३. घासू नका, आहे तसंच राहू द्या

फोटो चांगला यावा म्हणून घरात पहिलं काय होतं तर कप चिंच लावून, नाहीतर भांडी घासायच्या पावडरनं लख्ख केला जातो. ते करू नका हो, हात जोडून सांगते. चांदी काळी पडते तेव्हा तो काळेपणा कोरलेल्या खाचेत साठतो आणि तोच अक्षराला शाईसारखा उठाव देतो. घासल्यावर तो जातो, वर पृष्ठभाग आरशासारखा होतो आणि फोटोत अक्षराऐवजी तुमचा चेहरा आणि ट्यूबलाईट येते. शिवाय दर घासणीला थोडा धातू जातोच, आणि बारीक रेघा इतक्या उथळ असतात की पहिला बळी त्यांचा. मुलाम्याचा कप असेल तर वरचा थरच उडतो, तो परत येत नाही. धूळ असेल तर मऊ कोरड्या ब्रशनं झटका, तेवढं पुरे.

४. उजेडाची दिशा बदला (बहुतेक केसेस इथंच सुटतात)

हा मुद्दा जरा सविस्तर सांगते कारण याचं कारण कळलं की बाकीचं आपोआप जमतं.

हातानं कोरलेलं अक्षर म्हणजे धातूत पाडलेली व्ही आकाराची खाच. खाचेला दोन उतार. उजेड खाचेच्या आडव्या दिशेनं आला की एक उतार चमकतो, दुसरा सावलीत जातो, आणि रेघ ठळक दिसते. पण उजेड खाचेच्याच दिशेनं, तिच्या लांबीवरून आला तर दोन्ही उतारांवर सारखाच पडतो आणि ती रेघ फोटोतून जवळजवळ नाहीशी होते. नांगरलेल्या रानासारखंच आहे, सकाळचं तिरपं ऊन सऱ्यांच्या आडवं पडलं की एकेक सरी मोजता येते, सरीच्याच रेषेत पडलं की रान सपाट दिसतं.

आता त्या जुन्या कपांवर जी काळी, टोकदार, चर्चच्या पुस्तकासारखी इंग्रजी लिपी असते, आमच्याकडे तिला ओल्ड इंग्लिशच म्हणतात, तिच्यात जाड दांड्या उभ्या असतात आणि त्यांना जोडणाऱ्या बारीक रेघा तिरप्या-आडव्या असतात. लोक कप खिडकीशेजारी ठेवून फोटो काढतात, उजेड बाजूनं येतो, त्यामुळं उभ्या दांड्या मस्त दिसतात आणि जोडरेघा गायब. मग एन, यू, एम, आय सगळे सारखेच, नुसत्या दांड्या. अक्षर झिजलं म्हणून लोक रडतात आणि प्रत्यक्षात अक्षर तिथं धडधाकट असतं.

तर असं करा. फ्लॅश बंद. खोलीत जरा अंधार. वस्तू हलणार नाही अशी ठेवा, कपाला पांढऱ्या टॉवेलची चुंबळ करून, अंगठी असेल तर वाटीभर ज्वारीत उभी खोचून, ज्वारी छान धरून ठेवते आणि ओरखडा पडत नाही. फोन एखाद्या डब्याला टेकवून पक्का करा, तीन सेकंदांचा टायमर लावा. फोन अगदी नाकाला लावू नका, वीतभर अंतर ठेवून दोनपट झूम घ्या, अगदी जवळ नेलं की फोनचीच सावली पडते. अक्षरावर बोट टेकवून फोकस घ्या आणि उजेड थोडा कमी करा, चमकारा जाईपर्यंत.

मग दुसऱ्या फोनची टॉर्च घ्या, पृष्ठभागाला जवळजवळ टेकेल इतकी खाली धरा आणि चार फोटो काढा: उजेड डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून. वस्तू आणि कॅमेरा अजिबात हलवायचा नाही, फक्त टॉर्च फिरवायची. धातू फार चकचकीत असेल तर कॅमेऱ्याच्या मागं आणि बाजूला काळं कापड किंवा काळी छत्री धरा. चकचकीत धातू समोर जे असेल ते दाखवतो, समोर काळं असलं की तो काळा होतो आणि फक्त खाचा उजळतात. सोलापूरच्या भर दुपारच्या उन्हात गच्चीवर नेऊन फोटो काढायचा मोह आवरा, डोक्यावरचं ऊन सगळीकडून परावर्तित होतं आणि खाच भरून निघते.

वस्तू परगावी असेल आणि समोरच्याला एवढं सांगणं जमत नसेल तर त्याला एकच सांगा: कप टेबलावर ठेव, व्हिडिओ चालू कर, आणि टॉर्च हळूहळू कपाभोवती फिरव. त्या व्हिडिओतून थांबवून थांबवून मी कित्येक ओळी वाचल्यात.

डाग की खाच हेही इथंच कळतं. टॉर्च समोरासमोरच्या बाजूला नेली की खाचेची उजळ कड आणि काळी कड अदलाबदल करतात. डाग आहे तिथं तसाच राहतो. ओरखडा मात्र खाचेसारखाच वागतो, पण तो अक्षराच्या हद्दीत थांबत नाही, सरळ पलीकडं जातो आणि त्याला जाड-बारीक असा हात नसतो.

एक अपवाद. हल्लीचं लेझरचं काम असेल तर त्यात बऱ्याचदा खाच जवळपास नसतेच, फक्त धातूचा रंग बदललेला असतो. तिथं तिरप्या टॉर्चचा उपयोग नाही, उलट ढगाळ दिवसाचा सगळीकडून येणारा मऊ उजेड लागतो. बोटाचं नख अलगद फिरवून बघा, नख अडलं नाही तर बहुधा लेझर आहे, नाहीतर खूपच झिजलेलं आहे.

५. चारही फोटो एकत्र करा

घरात कॉम्प्युटरवाला कुणी असेल तर ImageMagick नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये चार फोटो एकावर एक ठेवून प्रत्येक ठिकाणचा सगळ्यात उजळ ठिपका उचलता येतो. मग डावीकडच्या उजेडात दिसलेली दांडी आणि वरच्या उजेडात दिसलेली जोडरेघ एकाच चित्रात येते.

```
magick dave.jpg ujve.jpg var.jpg khali.jpg -colorspace Gray -evaluate-sequence max ekatra.png
```

कॅमेरा केसभर जरी हलला असेल तरी हे फसतं, अक्षरं दुहेरी दिसतात. तसं झालं तर हे सोडा आणि चार फोटो शेजारी ठेवून डोळ्यांनी वाचा, तेही चालतं. फोनच्या एडिटिंगमध्ये काळं-पांढरं करून कॉन्ट्रास्ट वाढवा, पण शार्पनेस फार ओढू नका, ते नसलेल्या कडा तयार करतं आणि मग आपण त्या वाचतो.

६. ठसा घ्या

वस्तू हातात असेल आणि कोरीव काम बाहेरच्या बाजूला असेल तर पातळ बटर पेपर चिकटपट्टीनं ताणून लावा आणि मऊ पेन्सिल, ६बी मिळाली तर उत्तम, आडवी धरून हलकेच फिरवा. खाच पांढरी राहते, बाकी काळं. यात चमक नावाचा प्रकारच नसतो, म्हणून फोटोत हरलेल्या कपावरही हे चालतं. दाब वाढवू नका, कागद खाचेत घुसला की बारीक रेघ भरून जाते. खड्यांच्या पेंडंटवर हे करू नका.

७. ओळखीच्या शब्दावरून किल्ली तयार करा

आता एक खरी केस सांगते. मंगळवार पेठेतले एक काका आजोबांचा कप घेऊन आले, आजोबांची पुस्तिका काढणार होते. वरच्या ओळीत घरच्यांनी वाचलं होतं ते असं:

```
Weus Gana iu Eorpore Gano
```

'गाना' दोनदा दिसतंय म्हणून घरात ठरूनच गेलं होतं की आजोबांना गाण्याचं बक्षीस मिळालं. काकांच्या आत्या म्हणत होत्या की अण्णा कधी भजनालासुद्धा तोंड उघडत नसत, ते पळायचे, पण कपावर लिहिलंय म्हटल्यावर त्यांचं कोण ऐकणार.

मी वरची ओळ बाजूला ठेवली आणि खालच्या ओळी घेतल्या, कारण तिथं असे शब्द होते जे कुणीही ओळखेल: चॅलेंज कप, आणि शोलापूर. ब्रिटिशांच्या काळात आपल्या गावाचं इंग्रजी स्पेलिंग एस-एच नं व्हायचं. कोरणारा माणूस एकच, दिवस एकच, म्हणजे त्याचा एस सगळीकडं सारखाच असणार. तर शोलापूरचा पहिला एस कापून घेतला आणि 'गाना'च्या जी शेजारी ठेवला. हुबेहूब तोच. ओल्ड इंग्लिशमधला मोठा एस गोल फिरून आत वळतो, आपल्या डोळ्याला तो जी वाटतो. चॅलेंज आणि कप या दोन शब्दांतला मोठा सी घेतला, त्याच्या पोटात एक उभी दांडी असते म्हणून तो ई सारखा दिसतो, आणि तोच त्या 'इऑर्पोरे'च्या सुरुवातीला होता.

राहिले एन आणि यू. चॅलेंजमध्ये एन नक्की आहे, कपमध्ये यू नक्की आहे. वरून टॉर्च मारल्यावर स्पष्ट दिसलं: एनच्या दोन दांड्या वर जोडलेल्या, यूच्या खाली. मग वरच्या ओळीतलं प्रत्येक संशयी अक्षर याच दोघांशी ताडून बघितलं, सगळे एन निघाले, एकही यू नाही. पहिलं मोठं अक्षर तेवढं खालच्या ओळीत कुठंच नव्हतं, म्हणून तिथं अंदाज न करता प्रश्नचिन्ह ठेवलं:

```
?ens Sana in Corpore Sano
```

एवढं आल्यावर शेवटचे चार शब्द नेटवर टाकले की उत्तर समोर येतं. इंग्रजी नाहीच, लॅटिन आहे: मेन्स साना इन कॉर्पोरे सानो. निरोगी शरीरात निरोगी मन. जुवेनल नावाच्या रोमन कवीच्या दहाव्या सटायरमधले, म्हणजे उपहासाच्या कवितेतले शब्द आहेत, तिथं तो म्हणतो की देवाकडं मागायचंच असेल तर हे मागा. पुढं हे शब्द खेळांचं, व्यायामाचं ब्रीद होऊन बसले. म्हणजे कप पळण्याचाच होता आणि आत्या बरोबर होत्या.

प्रश्नचिन्ह ठेवायचं का तर एकदा डब्ल्यू लिहिलं की डोकं तेच धरून बसतं आणि शोधही त्याच शब्दाचा घेतो. जे अक्षर सिद्ध झालं नाही ते मोकळं ठेवा. तसंच भाषा आधी ठरवून टाकू नका, इंग्रजी लिपी दिसली म्हणजे भाषा इंग्रजी असं नसतं.

वर्षाचा आकडाही याच पद्धतीनं सुटला. घरी १९८६ वाचलं होतं, जे आजोबांच्या वयात बसतच नव्हतं. डावीकडून आणि उजवीकडून उजेड मारल्यावर ८ ची डावी बाजू म्हणजे सरळ खाली आकड्याबाहेर गेलेला ओरखडा निघाला. मूळ आकडा ३. कप १९३६ चा.

आपल्या गावात हाच घोळ दुसऱ्या लिपीतही होतो म्हणून सांगून ठेवते. पूर्व भागातल्या घरांतल्या जुन्या पदकांवर तेलुगू असतं, अक्कलकोटकडच्या घरांत कानडी, आणि दोन्ही लिप्या दुरून सख्ख्या बहिणी. तेलुगू अक्षरांच्या डोक्यावर बरोबरच्या खुणेसारखी टिक असते, कानडीत तिथं आडवी, टोकाला वळलेली रेघ येते. ती टिक बारीक असते, म्हणजे झिजणार पहिली तीच. उर्दू-अरबी पेंडंटवर हाच प्रश्न नुक्त्यांचा, एक नुक्ता खाली असला की बे, दोन वर असले की ते, आणि कोरणारे सजावटीसाठी मोकळ्या जागेत जास्तीचे ठिपकेही टाकतात. तिथं किल्लीची पद्धत मी एकटीनं वापरत नाही, ती भाषा रोज वाचणाऱ्या माणसाला शेजारी बसवते आणि भाषांतर न विचारता आधी अक्षरंच वाचून घेते.

कधी थांबायचं

चारही बाजूंच्या उजेडात आणि ठशातही रेघ दिसत नसेल तर ती फोटोतून येणार नाही, एडिटिंगचे आणखी प्रकार करू नका. सराफ कट्ट्यावरच्या ओळखीच्या सराफाकडं जा, त्यांच्याकडं दहापट भिंग असतं आणि झिजलेला धातू बघायची नजर असते. त्यांना स्पष्ट सांगा की पॉलिश नको, फक्त बघून द्या.

मुलामा सोलतोय, धातूला तडा आहे, अंगठीत सैल खडा आहे, किंवा हिरवी-पांढरी बुरशीसारखी पूड दिसतेय तर ठसासुद्धा घेऊ नका. अशा वेळी वस्तूंचं जतन करणारा, म्हणजे संग्रहालयासाठी काम करणारा माणूस लागतो. त्यांच्याकडं घुमटासारख्या दिव्यांखाली वेगवेगळ्या दिशांनी पुष्कळ फोटो काढून, मग कॉम्प्युटरवर उजेड हवा तसा फिरवून बघायची पद्धत असते, आपली टॉर्चचीच युक्ती पण फार बारीक. मजकुरावर वारसाहक्क, मालकी किंवा पोलीस केस अवलंबून असेल तरी थांबा, आणि तिथं वस्तूला हातही न लावता जशी आहे तशी न्या.

जाताना मूळ फोटो, चार बाजूंचे फोटो आणि प्रश्नचिन्हांसकट लिहिलेली अक्षरं घेऊन जा. घरच्यांनी काय वाचलं ते मात्र आधी सांगू नका, त्यांनी वाचून झाल्यावर सांगा.